दोरीवरचे कपडे आणि कलिंगडाचं पाणी

परवा आईशी पुन्हा तोच वाद झाला. कारण नेहमीचंच, पंप कधी लावायचा. घरात पाणी देण्याचा नियम आजोबांच्या वेळेपासून ठरलेला आहे: भातानंतर कलिंगड लावलं की तिसऱ्या दिवशी पाणी. दादाही तेच म्हणतो, आणि तो हे वाचणार आहे हे माहीत असूनही लिहितो की हा नियम चुकीचा आहे. म्हणजे बऱ्याच दिवसांना तो बरोबर असतो आणि नेमका नको त्या दिवशी दगा देतो.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. डिसेंबरात पाच गुंठ्यांत कलिंगड लावलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फळं चांगली हाताएवढ्या मापाच्या पुढे गेलेली, अजून दहा-बारा दिवसांत काढायला आली असती. तेव्हाच घाटाकडून कोरडा वारा सुटला. ज्यांनी रत्नागिरीत फेब्रुवारी-मार्च काढला आहे त्यांना हे दिवस ठाऊक असतील. एरवी अकरा-बाराच्या सुमाराला समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि जीव जरा थंड होतो. त्या दिवसांत तो दुपार टळली तरी येत नाही. पूर्वेचा वारा सह्याद्री उतरता उतरता आणखी तापतो, पारा ३८च्या पुढे जातो, ओठ फुटतात. पण घाम? घाम फारसा जाणवतच नाही. म्हणून आम्ही निवांत होतो. "एवढं काही उकडत नाही," असं मीच म्हटल्याचं आठवतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर वेली मान टाकून पडलेल्या. दुपारी कलिंगडाची पानं लोंबली तर घाबरायचं कारण नसतं, मोठी पानं ओल्या जमिनीतही भर उन्हात जरा मलूल होतात आणि संध्याकाळी सावरतात. सकाळी सातलाच लोंबलेली दिसली, तर मात्र मुळाशी पाणी नाही असं समजायचं. मी घाबरलो आणि नेहमीच्या चौपट पाणी सोडलं. दोन दिवसांनी फळं तडकायला लागली. पिकत आलेल्या फळाला आधी तहान आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं, की आतला गर सालीपेक्षा भरभर फुगतो. निम्मी फळं गेली. दोष माझाच. पण नियम पाळूनही असं का झालं, हे मला कळून घ्यायचं होतं.

झालं असं की आपण आपल्या घामावरून ऊन मोजतो. घाम अंगावर दिसतो तो हवा तो उचलून नेत नाही म्हणून. मे महिन्यात आपण निथळतो, कारण हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. झाडाच्या पानातून पाणी जातं तेही हवेने उचललं तरच. म्हणजे आपल्याला जास्त छळणारा दिवस आणि झाडाला जास्त पिळणारा दिवस हे एकच असतील असं नाही. आकड्यात सांगायचं तर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या मेमधल्या दुपारपेक्षा ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या मार्चमधल्या दुपारी हवेत आणखी बाष्प सामावायची जागा साडेतीन पट असते. पाणी मात्र साडेतीन पट उडत नाही, कारण पाण्याची वाफ करायला उष्णता लागते आणि ती मुख्यतः उन्हातूनच यावी लागते. तरी दीडपट सहज उडतं.

जमिनीतून उडणारं आणि पानांतून जाणारं पाणी मिळून जे होतं त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. ते ऊन, हवेचा कोरडेपणा, वारा आणि तापमान या चौघांवर ठरतं. हे सगळं एका सूत्रात बसवायचं काम पेनमन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४८ साली केलं. आपल्याला सूत्राची गरज नाही. कृषी विद्यापीठांच्या वेधशाळेत बाष्पीभवन पात्र असतं, सुमारे १२० सेंटीमीटर व्यासाची, २५ सेंटीमीटर खोल पत्र्याची परात, लाकडी चौकटीवर ठेवलेली. रोज सकाळी तिच्यातलं पाणी किती मिलीमीटर उतरलं ते बघतात. त्या आकड्याला साधारण ०.७ने गुणलं की गवताने झाकलेली जमीन किती पाणी सोडेल ते कळतं. मग पिकाप्रमाणे त्यात फेर करायचा. कलिंगड लहान असताना ०.४ने गुणायचं, वेल पसरल्यावर १ने.

मी अंगणात उभ्या कडांचा प्लॅस्टिकचा टप ठेवला. वर जाळी, कारण कावळे पाणी पिऊन माझा हिशेब बिघडवतात. छोटा टप बाजूंनीही तापतो म्हणून तो खऱ्या पात्रापेक्षा जास्त आकडा दाखवतो. त्यामुळे मी ०.७ ऐवजी ०.६ धरतो. हा आकडा माझा आहे, सरळ दुसऱ्याने वापरू नये. टेचाने वितीएवढी माती उकरून मुठीत दाबून बघतो, गोळा होतो का भुगा, आणि त्यावर तो पडताळतो.

आता गेल्या वर्षीचा हिशेब या पद्धतीने लावून बघा. आमच्या कातळाजवळच्या जमिनीत माती जेमतेम फूटभर. ती भिजल्यावर वेलीला धोक्याशिवाय वापरता येईल असं पाणी साधारण १२ मिलीमीटर. नेहमीच्या दिवशी टप ६ मिलीमीटर उतरतो, म्हणजे वेल ३.६ घेते. तीन दिवसांचे झाले १०.८. तिसऱ्या दिवसाचा नियम इथे अगदी चपखल बसतो, आजोबा चुकले नव्हते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी टप १० उतरतो, म्हणजे वेलीला ६ लागतात. दोन दिवसांतच १२ संपले आणि तिसरा दिवस पूर्ण उधारीवर! त्या दिवशी वेल पानांची रंध्रं मिटून घेते, पाणी वाचवते, पण फळाची वाढही थांबते.

लिटरमध्ये हवं असेल तर सोपं आहे. एका गुंठ्यावर १ मिलीमीटर म्हणजे साधारण १०० लिटर. पाच गुंठ्यांना रोजचे १८०० लिटर एरवी, आणि कोरड्या वाऱ्यात ३०००. मी सोडलं होतं चौपट, आणि तेही एका दमात. रोज थोडं वाढवलं असतं तर फळं वाचली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पाण्याला वार ठरवू नये. ज्या रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथेच मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. मेमध्ये आपल्याला उकडतं म्हणून भेंडीला रोज दुप्पट पाणी ओतायचं आणि मार्चमध्ये घाम नाही म्हणून हात आखडायचा, हा उलटा कारभार झाला.

हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, त्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं तासाभरात कडकडीत वाळलं होतं. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

असो. टप आहेच, पण आता सकाळी आधी दोरीकडे बघतो. दादा, तूही बघ आणि मग फोन कर.