रंगमंचीय कवितेतील विराम

यमक नसलेली कविता रंगमंचावरून ऐकली की ‘हे तर तुकडे पाडलेले गद्य’ असा शेरा अनेकदा मारला जातो. आपण वृत्तांचा अभ्यास केलेला असल्याने हा शेरा तपासून पाहू शकता. कालिदासाचे ‘मेघदूत’ मंदाक्रांता वृत्तात आहे. त्यात अंत्ययमकाचे बंधन नाही. प्रत्येक चरणात 17 अक्षरे असून चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यतीची, म्हणजे विरामाची, जागा ठरलेली असते. काव्याचा तोल यमकाविनाही सांभाळता येतो, हे यावरून दिसते. रंगमंचीय कवितेत मात्र विरामाची जागा वृत्त ठरवून देत नाही. ती अर्थ पाहून कवीलाच ठरवावी लागते.

त्यासाठी मुद्दाम रचलेले एक उदाहरण पाहू :

आई विहिरीवर गेली.
आई विहिरीवर गेली, घागर रिकामी.
आई विहिरीवर गेली, घागर रिकामी, ऊन डोक्यावर.
आई विहिरीवर...
(दोन श्वासांचा विराम)
घागर परत आली.

पहिल्या तीन ओळींत तेच शब्द पुन्हा येतात; पण प्रत्येक वेळी एक तपशील वाढतो. त्यामुळे ओळीची घडण श्रोत्याच्या कानात बसते. चौथ्या ओळीत ‘गेली’ हा शब्द गाळला आहे. श्रोता तो मनातल्या मनात उच्चारतो आणि विरामात पुढच्या तपशिलाची वाट पाहतो. शेवटच्या ओळीत घागर येते, आई येत नाही. जे घडले ते कवीने सांगितलेले नाही. श्रोत्याने ते ओळखले आहे. विरामाऐवजी ‘आई बुडाली’ असे लिहिले असते, तर आधीची सारी पुनरुक्ती वाया गेली असती.

हा परिणाम दोन कारणांनी बिघडतो. चौथ्या ओळीच्या अखेरीस आवाज खाली आणला, तर कविता संपली असे वाटून टाळ्या पडतात. तेथे आवाज अधांतरी ठेवावा लागतो. दुसरे असे की, प्रत्येक ओळीनंतर सारखेच थांबले तर महत्त्वाचा विराम वेगळा उरत नाही. सादरकर्ता ओळ विसरला की काय, अशी शंकाही येते.

म्हणून माझे मत असे की, विराम हा सादरीकरणाचा अलंकार नसून संहितेचाच भाग आहे आणि तो हस्तलिखितात नोंदवलाच पाहिजे. त्याची कसोटी सोपी आहे. वरील ओळी एकदा न थांबता मोठ्याने वाचा, मग विराम घेऊन वाचा. दोन्ही वाचनांत अर्थ तोच राहिला, तर तो विराम अनावश्यक आहे असे समजून काढून टाकावा. अर्थ बदलला, तर ‘तुकडे पाडलेले गद्य’ हा शेरा त्या कवितेला लागू पडत नाही.