पैसे कापले गेले, पोचले नाहीत: अशा वेळी पुन्हा पाठवू नका

खात्यातून पाच हजार कापल्याचा मेसेज येतो, समोरचा म्हणतो ‘मला काहीच आलं नाही’, आणि ॲपवर ‘पेंडिंग’ तसंच दिसत राहतं. अशा वेळी जीव टांगणीला लागतो आणि पुष्कळ माणसं तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवून मोकळी होतात. माझी कळकळीची विनंती आहे, तेवढं करू नका. का करू नये, हे नीट कळायचं तर बँकेच्या संगणकात त्या पाच हजारांचं काय होतं ते पाहावं लागेल. ते अवघड नाही.

आधी एकाच बँकेतली दोन खाती घेऊ. वडिलांच्या १०१ क्रमांकाच्या खात्यात १२,००० रुपये आहेत, लेकीच्या २०५ क्रमांकाच्या खात्यात ३,०००. दोन्ही मिळून १५,०००. वडील लेकीला ५,००० पाठवतात. आपल्या लेखी हे एकच काम, पण संगणकाच्या लेखी दोन: आधी १०१ मधून ५,००० वजा करायचे, मग २०५ मध्ये ५,००० जमा करायचे. पहिलं झालंय आणि दुसरं व्हायचंय, अशा मधल्या क्षणी वडिलांकडे ७,००० आणि लेकीकडे ३,००० असतात. बेरीज भरते १०,०००. पाच हजार त्या क्षणी कोणाच्याच नावावर नसतात. सेकंदाचा एखादा बारीक हिस्साच हा, पण सर्व्हर बंद पडायला तेवढा पुरतो.

म्हणून डेटाबेस या दोन नोंदी एकत्र बांधतो. होतील तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. अशा बांधलेल्या कामाला ट्रान्झॅक्शन म्हणतात आणि ते लिहायचं असं असतं:

```sql
BEGIN;
UPDATE khate SET shillak = shillak - 5000
 WHERE kramank = 101;
UPDATE khate SET shillak = shillak + 5000
 WHERE kramank = 205;
COMMIT;
```

`BEGIN` म्हणजे इथून पुढचं सगळं एक धरा. `COMMIT` म्हणजे आता पक्कं करा. मध्येच काही बिनसलं तर `COMMIT`च्या जागी `ROLLBACK` म्हणायचं, की केलेली वजाबाकी मोडीत निघते आणि वडिलांच्या खात्यात पुन्हा १२,००० होतात. कमिट होईपर्यंत हे बदललेले आकडे बाहेर कोणाला दिसत नाहीत. लेकीनं नेमक्या त्या मधल्या क्षणी शिल्लक पाहिली, तरी तिला ३,०००च दिसतील आणि वडिलांना १२,०००.

पण वीज गेली, सर्व्हरच आडवा झाला, तर `ROLLBACK` म्हणायला उरतं कोण? याचं उत्तर फार सुंदर आहे. डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉग नावाच्या वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतो. कमिट करताना त्याच लॉगमध्ये ‘हे ट्रान्झॅक्शन पक्कं झालं’ अशी एक नोंद पडते आणि ती डिस्कवर खरोखर उतरली, याची खात्री झाल्यावरच तो ‘झालं’ म्हणून उत्तर देतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की सगळ्यात आधी हा लॉग वाचला जातो. ज्या ट्रान्झॅक्शनची पक्केपणाची नोंद सापडते, त्याचं राहिलेलं काम पुरं केलं जातं. जिची सापडत नाही, ती वजाबाकी धरलीच जात नाही. कोणी आज्ञा द्यायला हजर असण्याची गरजच नाही. पाच हजारांचं भवितव्य लॉगमधल्या त्या एका नोंदीवर ठरतं.

पतसंस्थांचे आणि सोसायट्यांचे जे पदाधिकारी स्थानिक माणसाकडून सॉफ्टवेअर बनवून घेतात, त्यांनी इथे जरा थांबावं. वरच्या आज्ञा लिहिल्या की काम झालं, असं नाही. समजा लेकीचा खातेक्रमांक २०५ऐवजी चुकून २५० टाकला गेला आणि त्या क्रमांकाचं खातंच नाही. डेटाबेस तक्रार करत नाही. ‘शून्य ओळी बदलल्या’ एवढंच सांगतो, कारण त्याच्या दृष्टीनं ती चूक नव्हे. पुढे `COMMIT` येतो, तोही बिनबोभाट पार पडतो आणि वडिलांचे पाच हजार हिशेबातून नाहीसे होतात. प्रत्येक आज्ञेनं नेमकी एक ओळ बदलली का, हे सॉफ्टवेअरनं स्वतः तपासायचं असतं आणि बदलली नसेल तर `ROLLBACK` म्हणायचं असतं. दुसरा धोका जुन्या सॉफ्टवेअरमधला. मायएसक्यूएल वापरणाऱ्या जुन्या प्रणालींत माहिती मायआयसॅम पद्धतीनं साठवलेली असू शकते आणि त्या पद्धतीत रोलबॅक चालतच नाही. आज्ञा दिली तरी बदल तसाच राहतो. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून मायएसक्यूएलनं रोलबॅक जाणणारी इनोडीबी ही पद्धत मुळातच धरली, पण आधीचे तक्ते आपोआप बदलत नाहीत. तुमच्या प्रोग्रामरला डेटाच्या नकलेवर तुमच्यासमोर एक चाचणी करायला सांगा: नसलेल्या खात्यात पैसे पाठवायचे आणि नंतर सगळ्या खात्यांची बेरीज पाहायची. बेरीज घटली, तर ते सॉफ्टवेअर सभासदांच्या पैशांसाठी वापरू नका.

आता तुमच्याआमच्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ. वडिलांचं खातं एका बँकेत आणि लेकीचं दुसऱ्या बँकेत असलं, की चित्र बदलतं. दोन बँका म्हणजे दोन वेगळे डेटाबेस, आणि दोघांना एकाच `BEGIN` आणि `COMMIT`मध्ये बांधलेलं नसतं. यूपीआयमध्ये वडिलांची बँक आधी आपल्याकडे ५,००० वजा करते आणि तिथे कमिट करते. मग एनपीसीआय, म्हणजे मधली यंत्रणा, लेकीच्या बँकेला जमा करायला सांगते. ती बँक ‘जमा केले’ म्हणाली, तर प्रश्नच नाही. ‘खातं बंद आहे’ म्हणाली, तर एनपीसीआय वडिलांच्या बँकेला पैसे परत जमा करायला सांगते. खरी अडचण तिसऱ्या शक्यतेत आहे: लेकीच्या बँकेकडून उत्तरच येत नाही.

उत्तर आलं नाही याचा अर्थ पैसे जमा झाले नाहीत, असा होत नाही. निरोप जाताना हरवला असेल, तर जमा झालेले नाहीत. निरोप पोचला, जमा झाले आणि उलट येणारं उत्तर हरवलं, असंही असू शकतं. वडिलांकडच्या बाजूनं पाहणाऱ्याला या दोन गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून अशा व्यवहारात पैसे लगेच माघारी आणत नाहीत. तसं केलं आणि तिकडे जमा झालेले निघाले, तर पाच हजारांचे दहा होतील. व्यवहार अधांतरी ठेवतात, मग दोन्हीकडच्या नोंदी ताळून पाहतात आणि लेकीची बँक एकतर रक्कम जमा करते किंवा परत पाठवते. तुमच्या पडद्यावरचं ‘पेंडिंग’ पुष्कळदा हेच असतं. तुम्ही घाईनं दुसऱ्यांदा पाठवलेले पाच हजार हा संगणकाच्या दृष्टीनं वेगळा, नवा व्यवहार असतो, नव्या क्रमांकाचा. पहिलाही पोचला तर दोन्ही पक्के.

नेमकं काय झालं, हे पासबुक सांगतं. ॲपवर न थांबता बँकेचं स्टेटमेंट उघडा. तिथे कसलीच नोंद नसेल, तर वजाबाकी पक्की झालीच नव्हती, पैसे जागेवर आहेत आणि पुन्हा पाठवायला हरकत नाही. ५,००० नावे आणि खाली ५,००० जमा अशा दोन ओळी दिसल्या, तर तो रोलबॅक नव्हे. रोलबॅकमध्ये मुळात ओळच उमटत नाही. इथे पहिला व्यवहार पक्का झाला होता आणि तो फेडायला दुसरा उलटा व्यवहार करावा लागला. तुमचे पैसे परत आले, इतकं मात्र नक्की. आणि फक्त नावे टाकलेली एकच ओळ दिसली, तर वाट पाहायची. त्या ओळीशी बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. दुकानदाराला साउंडबॉक्सच्या आवाजावर न जाता याच क्रमांकानं त्याचं खातं तपासायला सांगा. निकड असेल आणि रोख द्यावीच लागली, तर तो क्रमांक बिलावर लिहून घ्या आणि आधीची रक्कम जमा झाल्यास परत करायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

वाट किती पाहायची, यालाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, यूपीआयनं एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी आणि एटीएममधून न आलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली, की दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यायची आणि तीही खातेदारानं तक्रार करण्याची वाट न पाहता. पैसे उशिरा परत आले असतील, तर स्टेटमेंटमध्ये या भरपाईची ओळ शोधा आणि नसेल तर बँकेकडे मागा.

दोन गोष्टींत हे संरक्षण लागू पडत नाही. चुकीच्या नंबरवर पाठवलेले पैसे हा अपयशी व्यवहार नाही. दोन्हीकडे कमिट झालेलं असतं, आणि ते परत मिळणं मुख्यतः समोरच्या माणसाच्या संमतीवर येतं. बँकेला लगेच कळवा, पण त्याआधी पिन टाकताना पडद्यावर येणारं नाव वाचायची सवय लावून घ्या. दुसरी गोष्ट फसवणुकीची. ‘तुमचे अडकलेले पैसे परत करतो, पिन टाका’ असा फोन आला, तर तो भामटाच समजा. उलटा व्यवहार बँका आपसात करतात. पैसे खात्यात यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका, कार्डाच्या किंवा पासबुकाच्या मागचा नंबर घ्या.

मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही लेखी द्या. अर्जात तारीख, वेळ, रक्कम आणि तो बारा आकडी क्रमांक लिहा, सोबत नावे पडलेली ओळ दिसेल असं स्टेटमेंट जोडा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.