समजून घ्या: पोस्टची ‘बेस्ट वेळ’ आकड्यांतून काढा, पण आठवडा कुलूपबंद करू नका

बीडमधलं सीताफळाचं दुकान असो, क्लास असो किंवा बचत गटाचं फेसबुक पेज, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: पोस्ट किती वाजता टाकायची? इंटरनेटवर ‘बुधवारी सकाळी 10’ अशी तयार उत्तरं मिळतात. ती बहुतेक परदेशातल्या ऑफिसवाल्यांच्या सवयींवर बेतलेली असतात. आपलं उत्तर आपल्याच पेजच्या जुन्या आकड्यांत असतं. मात्र ते वाचताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत: घड्याळ

मेटा बिझनेस सूटमधून मागच्या 90 दिवसांच्या पोस्टची फाइल डाउनलोड करता येते. मी पहिल्यांदा अशी फाइल उघडली तेव्हा सकाळी साडेसातच्या पोस्ट सर्वांत जास्त चालल्याचं दिसलं. मी आनंदाने पूर्ण आठवडा सकाळवर हलवला आणि रीच कोसळला. त्या पोस्ट खरं तर रात्री 8 च्या होत्या, फाइलमधली वेळ कॅलिफोर्नियाची होती. म्हणून आधी नक्की वेळ आठवणारी एक पोस्ट फाइलमध्ये शोधा. फरक साडेपाच तासांचा असेल तर ती यूटीसी वेळ. ऋतूनुसार साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असेल तर कॅलिफोर्नियाची. सगळा रकाना भारतीय वेळेत आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी फसगत: सरासरी

समजा, रात्री 9 च्या पाच पोस्टचा रीच 2000, 2200, 1900, 2100 आणि 42000 आहे. सरासरी येते 10040. सकाळी 6 च्या पाच पोस्टचा रीच 3000, 3200, 2800, 3400 आणि 3100 आहे. सरासरी 3100. म्हणजे रात्र जिंकली? नाही. एक व्हायरल व्हिडिओ सगळा हिशेब ओढून नेतोय. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. रात्रीचा येतो 2100, सकाळचा 3100. शीटमध्ये `=MEDIAN(C2:C6)` एवढं लिहिलं की काम झालं. पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्ट आधीच बाजूला काढा. व्हिडिओ आणि फोटोचा हिशेबही वेगळा ठेवा, नाहीतर वेळेचं श्रेय व्हिडिओला किंवा व्हिडिओचं वेळेला जातं. ज्या वेळेच्या पाचही पोस्ट नाहीत, तिच्याबद्दल निष्कर्ष काढू नका.

तिसरी फसगत: कालचा बीड, आजचा बीड

दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. फड पहाटेच सुरू होतो, त्यामुळे त्यांचा मोबाईल हातात येण्याची वेळ बदलते. उन्हाळ्यात गावी असलेल्या वाचकांवरून काढलेली वेळ गाळप हंगामात चालेलच असं नाही. हंगाम सुरू झाला की ताजे आकडे घ्या, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा.

शिवाय ज्या वेळी तुम्ही कधी पोस्टच टाकली नाही, तिचे आकडे येणार कुठून? म्हणून आठवड्याच्या 14 पोस्ट असतील तर 11 सिद्ध झालेल्या वेळांना लावा आणि 3 मुद्दाम नव्या वेळांना. पाच आठवडे तीच वेळ धरली की पुरेसा हिशेब हाती येतो.

शेड्यूल करा, पण ब्रेक ठेवा

रविवारी तासभर बसून प्लॅनरमध्ये पूर्ण आठवडा लावून टाकणं सोयीचं आहे, मीही तेच करतो. पण यंत्राला गावात काय चाललंय ते कळत नाही. 30 ऑक्टोबर 2023 आठवा. मराठा आरक्षण आंदोलनादरम्यान माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अशा संध्याकाळी रांगेतली ‘धमाका ऑफर’ आपोआप सुटली, तर ती बाहेरगावच्या बीडकरांना दिसतेच. इथला दुकानदार मात्र नेट नसल्याने ती काढूही शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कायम टिकणारा मजकूर सात दिवसांसाठी लावा. भाव, ऑफर आणि शुभेच्छा मात्र आदल्या रात्री बघूनच सोडा. पेजचा ताबा जिल्ह्याबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडेही द्या, म्हणजे इथलं नेट गेलं तरी तो रांग थांबवू शकेल. आणि पुढच्या हिशेबातून असे आठवडे वगळा. त्या दिवसांत पोस्ट पडली ती वेळ चुकली म्हणून नाही.