बादलीला दोष देऊ नका, तापाकडे बघा

विहारात महिला मंडळाची बैठक संपली की एखादी नवी सून आम्हाला बाजूला घेऊन विचारते, "ताई, दिवस गेलेत, गरम पाण्यानं आंघोळ केली तर चालेल ना?" सासूबाईंनी गरम पाणी बंद केलेलं असतं. आमच्या मते हा बादलीवर अन्याय आहे. तांब्यानं अंगावर घेतलेलं पाणी लगेच वाहून जातं, त्यानं शरीर आतून फारसं तापत नाही. हाताला सोसेल इतपत गरम पाणी खुशाल घ्या. सर्दीसाठी तपेल्यावर वाकून वाफ घेतली तरी चालते, फक्त तपेलं कलंडून भाजणार नाही ते बघा.

जपायचं ते आतल्या तापमानाला. ते साधारण ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या वर काही वेळ राहिलं, तर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या मेंदू-मणक्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. पार्लर-जिममधल्या वाफेच्या खोलीत घाम वाळतच नाही, आणि गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसल्यावरही तेच होतं. म्हणून हे दोन्ही टाळा.

आता हिशेब बघा. पाळी १ जूनला आली, चक्र २८ दिवसांचं. गर्भ साधारण १४-१५ जूनला राहतो. पुढची पाळी २९ जूनला चुकते. आणि ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मणका घडतो, ती १२-१३ जुलैच्या सुमारास मिटलेली असते. पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे! आपल्याकडे दोन महिने "बघू, बघू" करत नाव नोंदवतात, तोवर तो काळ निघून गेलेला असतो.

वस्तीत वाफेच्या खोलीत जाणाऱ्या किती? आपल्याकडे अंग तापतं ते तापानं. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यू घरोघरी असतो, आणि "गर्भारपणात गोळी नको" म्हणून बाईला गोधडीत गुंडाळून ठेवतात. हे आम्हाला अजिबात पटत नाही. गोधडी काढा, पाणी पाजा, साध्या पाण्यानं अंग पुसा. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी गर्भारपणातही चालते. ब्रुफेन किंवा दुकानदारानं दिलेली मिश्र गोळी घेऊ नका. थर्मामीटर लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

मूल हवं असेल तर फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस जाण्याआधीच रोज सुरू करा आणि पहिले तीन महिने चालू ठेवा. याच दोषापासून ती बऱ्याच प्रमाणात वाचवते. आशाताईंकडे मागायला लाजू नका.

आणि ज्यांना त्या दिवसांत ताप येऊन गेला, त्यांनी घाबरून काही निर्णय घेऊ नये. अशा बहुतेक बायकांची बाळं धडधाकट असतात. डॉक्टरांना तापाची तारीख सांगा आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. मणका त्यात नीट दिसतो.