जर्नलमधील रकाने आणि प्रयोगाचा वृत्तांत

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याचे जर्नल उघडले की उजव्या पानावर उद्देश, साहित्य, सूत्र, कृती व निष्कर्ष हे मथळे एकाखाली एक दिसतात. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने काढलेली आकृती व निरीक्षणांचा तक्ता असतो. प्रयोगमेजावरील नोंदीसाठी ही मांडणी सोयीची आहे, याविषयी वाद नाही. परंतु याच विद्यार्थ्याला पुढे प्रयोगाचा सलग अहवाल लिहावयास सांगितला, की तो मथळे पुसतो, तुटक ओळी एकमेकींना जोडतो आणि अहवाल पुरा झाला असे समजतो. वास्तविक या दोन लेखनांत केवळ मांडणीचा फरक नाही. जर्नल काय केले ते सांगते. जे निघाले त्यावर विश्वास का ठेवावा, हे अहवालाने सांगावयाचे असते.

साध्या लंबकाने गुरुत्वीय त्वरण काढण्याचा सर्वपरिचित प्रयोग घ्या. समजा, एका विद्यार्थ्याने दोऱ्याची लांबी अनुक्रमे ६०, ८०, १०० व १२० सेंटिमीटर ठेवली आणि २० आंदोलनांना ३१.४, ३६.२, ४०.४ व ४४.२ सेकंद लागले. लांबीला आवर्तकालाच्या वर्गाने भागून ४π² ने गुणले, की त्वरणाची चार मूल्ये मिळतात : ९.६१, ९.६४, ९.६८ आणि ९.७०. त्यांची सरासरी ९.६६. जर्नलात ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली एवढा एक आकडा लिहिला जातो, त्याखाली सही होते आणि प्रयोग संपतो. (ज्याला तेवढेही धारिष्ट होत नाही, तो गेल्या वर्षीच्या जर्नलातून ९.८ उतरवून घेतो, हे प्रयोगशाळेत वावरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे.)

सलग गद्यात मात्र असे थांबता येत नाही. ‘चारही मूल्ये प्रचलित मूल्यापेक्षा कमी आली’ हे वाक्य लिहिले, की त्यापुढचे ‘कारण’ लिहिणे भाग पडते. आणि कारण शोधू लागताच सरासरीने झाकलेली एक गोष्ट दिसते : मूल्ये कमीअधिक विखुरलेली नसून लांबीबरोबर क्रमाने चढत गेली आहेत. घड्याळ दाबण्यातील चूक कधी पुढे, कधी मागे होते. तिने असा क्रम सहसा लागत नाही. आखूड लंबकात अधिक आणि लांब लंबकात कमी जाणवणारी चूक लांबीच्या मापातच असली पाहिजे. लंबकाची लांबी टांगणीपासून गोलकाच्या मध्यापर्यंत धरावयाची असते. येथे नुसता दोरा मोजला गेला. व्हर्निअर कॅलिपरने गोलकाचा व्यास २ सेंटिमीटर भरला, म्हणजे प्रत्येक लांबीत १ सेंटिमीटर राहून गेले होते. ते मिळविल्यावर मूल्ये ९.७७, ९.७६, ९.७७ व ९.७८ होतात आणि चढण नाहीशी होते.

लांबी व आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला असता, तर हीच गोष्ट आणखी एका वाटेने कळली असती. चुकीच्या लांब्या घेऊनही त्या सरळ रेषेच्या चढावरून ९.७९ हे मूल्य निघते, कारण सर्व लांब्यांत सारखीच राहिलेली उणीव चढाला बाधत नाही. ती रेषा आरंभबिंदूतून न जाता सुमारे १ सेंटिमीटर खाली सरकते, एवढेच. मात्र येथे अहवाल लिहिणाऱ्याने आपली मर्यादाही सांगितली पाहिजे. वेळेत केवळ एक दशांश सेकंदाची चूक झाली तरी पहिले मूल्य ०.०६ ने बदलते. तेव्हा एकाच फेरीतील चढण हा संशयाला पुरेसा आधार आहे, पुराव्याला नाही. खरा पुरावा व्यास मोजल्यानेच मिळतो. मूळ तक्त्यातील आकडे खोडावयाचे नाहीत, दुरुस्ती शेजारी नव्या रकान्यात दाखवावयाची, हेही ओघानेच आले.

रूपांतराचे काम यावरून स्पष्ट व्हावे. ‘उद्देश’ हा प्रश्न होतो. साहित्याची यादी गळते. घड्याळाचे लघुतम माप, गोलकाचा व्यास असे जे निष्कर्षावर परिणाम करते, तेवढेच कृतीच्या वाक्यात येते. ‘दोरा टांगावा’ ही आज्ञा ‘दोरा टांगला’ अशी घडलेली हकीकत बनते. तक्ता तसाच राहतो. आकडे वाक्यांत ओवणे हा गद्याचा गैरसमज आहे. खरी भर पडते ती तक्ता आणि निष्कर्ष यांच्या मधल्या जागेत, आणि जर्नलात नेमका तेथेच रकाना नाही.

प्रत्येक प्रयोगाचा असा अहवाल मागितला, तर तपासणारे प्राध्यापक थकतील आणि विद्यार्थी अहवालही उतरवून काढतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सत्रातील सर्व प्रयोग जर्नलातच राहू द्यावेत. त्यांपैकी ज्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, असा एकच प्रयोग विद्यार्थ्याने स्वतः निवडून सलग लिहावा, आणि गुण उत्तराच्या अचूकतेला न देता कारणमीमांसेला द्यावेत.