आधी वही साफ, मग यंत्र

सभासद बंधू-भगिनींनो,

कारखान्यात नवी संगणक प्रणाली येणार, हे आपल्या कानावर आलेच आहे. तिला ईआरपी म्हणतात. सभासदांची यादी, उसाची नोंद, वजनकाटा, खताची उधारी, भांडार आणि हिशेब हे आज वेगवेगळ्या वह्यांत नि वेगवेगळ्या संगणकांत पडलेले आहे. ते सारे एका ठिकाणी येईल. गोष्ट चांगलीच आहे. पण जुनी माहिती आहे तशी उचलावी आणि गाळप सुरू होण्याआधी नव्या प्रणालीत ओतून मोकळे व्हावे, असे जे बोलले जाते, ते आम्हांस पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

आधी नावांचे पाहू. समजा, एका सभासदाचे नाव भागांच्या वहीत ‘रामकृष्ण किसनराव’, ऊस नोंदीत ‘रामकृष्णजी किसन’ आणि खताच्या उधारीत नुसते ‘रा. कि.’ असे आहे. माणूस एक, खाती तीन. ती तशीच पुढे गेली, तर ऊस एका खात्यावर चढेल आणि उधारी दुसऱ्यावर. बिलातून कपात होणार नाही, नि वर्षअखेर त्याच भल्या माणसाचे नाव थकबाकीदारांत येईल. भाग दोन क्रमांकांवर असले तर नाव मतदार यादीतही दोनदा लागेल. सहकार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सभासदाला मत एकच, भाग कितीही असोत.

मग सारखी नावे यंत्रानेच जोडून टाकावी की नाही? बरं का, खरा धोका इथेच आहे. चांदूर बाजार तालुक्यात शिरजगाव कसबाही आहे आणि शिरजगाव बंडही. जुन्या नोंदीत नुसते ‘शिरजगाव’ लिहिले असेल, तर दोन गावांतले एकाच नावाचे दोन शेतकरी यंत्राला एकच वाटतील. जोडायची राहिलेली खाती पुढे केव्हाही जोडता येतात. चुकून जोडलेली मात्र सोडवणे महाकठीण, कारण जोडल्यानंतरच्या पावत्या, कपाती, बिले सारी एकात एक मिसळलेली असतात. एकाची उधारी दुसऱ्याच्या उसातून कापली गेली, तर तो पैसा कोणाकडे मागायचा?

म्हणून आमचे म्हणणे असे, की नुसत्या नावावर कोणतेही खाते जोडू नये. आधार, बँक खाते, भाग दाखल्याचा क्रमांक आणि सातबाऱ्यावरील गट क्रमांक, या चारांपैकी निदान दोन जुळलेच पाहिजेत. मोबाईल नंबर पुरावा म्हणून धरू नये. आपल्याकडे घरातल्या चौघांच्या नावापुढे पोराचा एकच नंबर असतो. गट क्रमांक संगणकात भरतानाही डोळ्यांत तेल घालावे लागते. तक्त्यात ४/२ असा गट टाकला, की यंत्र कधी कधी त्याची तारीख करून ठेवते. तो रकाना आधीच अक्षरांचा म्हणून ठरवून घ्यावा.

मयत सभासदांचे नाव यादीतून पुसू नये. मागे एका शेतकऱ्याने आम्हांला विचारले, “साहेब, माह्या बापाचं नाव काहून कापता?” त्याचा प्रश्न रास्त होता. कलम ३० प्रमाणे वारसाच्या नावे भाग होईपर्यंत ते खाते राहिलेच पाहिजे. ‘मयत’ अशी खूण करून व्यवहार थांबवावा, आणि वारसाचा नवा क्रमांक त्याला जोडून ठेवावा.

आता क्षेत्राकडे येऊ. आमच्या मते सर्वांत मोठा घोळ इथेच व्हायचा आहे. जुन्या ऊस नोंदीत क्षेत्र ‘१.२०’ असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर होते. नवी प्रणाली सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर-आर मागते. तिने तोच आकडा एक हेक्टर वीस आर म्हणून घेतला, तर क्षेत्र झाले जवळजवळ तीन एकर. एकरी ४० टन धरले तर ६० टनांच्या जागी १२० टन ऊस कागदावर उभा राहतो. तोडणीची टोळी आणि गाड्या त्या हिशेबाने लागतात, नि फडात ऊस निम्माच निघतो.

हे ओळखायचे कसे? एकराचे गुंठे ४०, म्हणून टिंबापुढचा आकडा ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर ती नोंद एकर-गुंठ्यांची असूच शकत नाही. ३९ पर्यंत असेल तर नुसते पाहून कळत नाही. तेव्हा त्या शेताचे मागील दोन-तीन हंगामांचे काट्यावरचे वजन काढावे. शेजारच्या शेतात एकरी ४० टन आणि याच्याच शेतात कागदोपत्री २० टन, असे दिसले की सातबारा मागवावा.

उसाच्या जातींचेही तसेच आहे. को ८६०३२ कुठे ‘८६०३२’ म्हणून आहे, कुठे ‘नीरा’ म्हणून. कोएम ०२६५ कुठे ‘फुले २६५’ आहे, कुठे यंत्राने पुढचे शून्य गाळून ‘२६५’ केले आहे. जात एक, नावे तीन-चार. प्रत्येक जातीला एक पक्के नाव ठरवून बाकीची त्याखाली लावावीत. हे काम शेती खात्याचे आहे, संगणकवाल्यांवर सोडू नये. भांडारात युरिया ‘पोते’ या मापाने आहे. युरियाचे पोते २०१८ साली ५० किलोंवरून ४५ किलोंवर आले. पोत्याचे वजन जुनेच राहिले, तर १२० पोत्यांमागे कागदावर ६०० किलो युरिया जास्तीचा दिसेल, आणि भांडारपालावर नाहक बालंट येईल.

हे सारे भय मनातले नव्हे. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली होती. याद्या तपासताना एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली, नि खरे पात्र शेतकरी ताटकळले. पुढच्या कर्जमुक्तीत, २०२० साली, आधी याद्या लावल्या आणि शेतकऱ्याकडून आधार प्रमाणीकरण करून मगच रक्कम खात्यात टाकली. आपण तो धडा फुकटात घ्यावा.

संचालक मंडळापुढे आम्ही एवढेच मांडतो. दुरुस्त यादी गावोगावी चावडीवर वाचावी, आणि खाते जोडताना सभासदाची सही घ्यावी. जुन्या व नव्या क्रमांकांचा तक्ता कायम जपावा. बदलाआधी आणि बदलानंतर एकूण भाग, एकूण उधारी आणि एकूण क्षेत्र जुळते का ते पाहावे. खाती कमी झाली तरी या बेरजा हलता कामा नयेत, आणि क्षेत्र हलले तर का हलले ते गटवार दाखवता आले पाहिजे. शेवटी एका पंधरवड्याचे ऊस बिल जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींनी काढून पैशापर्यंत ताळा घ्यावा. उसाचे पैसे १४ दिवसांत देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातलेले आहे. “संगणक बदलतो आहे” ही सबब तिथे चालत नाही.

हे काम दिवाळीपर्यंत आटोपले नाही, तर हा हंगाम जुन्याच पद्धतीवर काढावा आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्यात बदल करावा. तोवर आपण सभासदांनी सातबारा, बँक पासबुक आणि भागाचा दाखला एका पिशवीत काढून ठेवा. आमचे कर्मचारी गावात येतील तेव्हा आपले नाव, गाव आणि क्षेत्र स्वतः वाचून पाहा. वाचता येत नसेल तर पोरीला, सुनेला वाचायला सांगा; पण न पाहता सही करू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी, परतवाडा