निष्क्रिय झालेला पॅन क्रमांक

आमच्या वडील भगिनींच्या ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत मिळेना. कारण आधारजोडणीची ३० जून २०२३ ही मुदत चुकल्याने त्यांचा पॅन निष्क्रिय झाला होता. अशा वेळी परतावा अडकून राहतो व त्या काळाचे त्यावरील व्याजही बुडते. आम्ही आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ‘e-Pay Tax’ मधून ‘Other Receipts (500)’ या सदराखाली १००० रुपये भरले; तरी जोडणी होईना. पाहतो तो दोहोंवरील जन्मतारखा भिन्न! आधारवरील चुकीची तारीख दुरुस्त करवून त्याच भरण्यावर ‘Link Aadhaar’ येथे पुन्हा विनंती केली. पॅन सक्रिय होण्यास त्यानंतर ३० दिवसांपर्यंत अवधी लागतो. यास्तव वाचकांनी पैसे भरण्यापूर्वीच घरातील वडीलधाऱ्यांचे नाव व जन्मतारीख दोहोंवर ताडून पाहावी.